एसओपीचा पहिला परिच्छेद: मराठीत सुचलेलं इंग्रजीत कसं उतरवायचं

मास्टर्सला अर्ज करणारी मुलंमुली मला त्यांचे एसओपी, म्हणजे हाच विषय का शिकायचाय हे सांगणारे अर्जासोबतचे निबंध, वाचायला पाठवतात. पहिला परिच्छेद वाचला की बहुतेक वेळा वाटतं, या मुलीकडे सांगण्यासारखं काहीतरी असणार, पण इथे ते आलेलं नाही. मग मी फोन करते आणि मराठीत विचारते, "तुला हाच विषय का शिकायचाय?" दोन-तीन मिनिटांत ती जे बोलते त्यात खरा परिच्छेद असतो. लिहायला बसताना मात्र ते सगळं बाजूला ठेवून तिने ऐकीव इंग्रजी वाक्यं उचललेली असतात.

काही जण याच्या उलट करतात. मराठीत नीट विचार करतात आणि मग एकेक वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत ओततात. तसं केलं की मुद्दा तोच राहतो, पण वाक्यं पांगळी होतात. म्हणून माझी पद्धत अशी: मुद्दा पक्का होईपर्यंत मराठी सोडायची नाही, आणि तो पक्का झाला की मराठी वाक्यं पूर्ण सोडून द्यायची. न्यायची ती माहिती, कोणी काय केलं ते, आणि प्रश्न. वाक्यं इंग्रजीत नव्याने जुळवायची. हे कसं करायचं ते एकाच उदाहरणावरून दाखवते. सिव्हिल इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थिनीबरोबर मी हा परिच्छेद चार बैठकांत घडवला होता.

आधी बोला, लिहू नका

फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि तीन मिनिटं मराठीत बोला. प्रश्न एवढाच: या विषयातली कोणती गोष्ट मला अडली, आणि ती अजून का सुटत नाही? "मी का योग्य आहे" हा प्रश्न नको. त्याचं उत्तर देताना माणूस आपोआप भाषण करायला लागतो. समोर कोणी ओळखीचं बसलं असेल तर उत्तम, कारण मध्ये कोणीतरी "म्हणजे काय?" असं विचारायला हवं.

नंतर ते रेकॉर्डिंग ऐकून जसंच्या तसं उतरवून काढा. अडखळणं, "म्हणजे", "ना", सगळं राहू द्या. तिच्या कागदावर हे आलं:

"लहानपणापासून मला बांधकामाची आवड होती, म्हणून सिव्हिलच घेतलं. तिसऱ्या वर्षी एका साइटवर इंटर्नशिप करायची संधी मिळाली. तिथे क्यूब टेस्टिंग बघायला मिळालं. म्हणजे काँक्रीट आलं की ताकद तपासायला त्याचे क्यूब भरायचे, पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि अठ्ठावीस दिवसांनी फोडायचे. ते पास झाले. पण ताई, मला ते पटेना. कारण क्यूब टाकीत होते ना, चोवीस तास पाण्यात. आणि स्लॅबला पाणी मारायचे ते सकाळ-संध्याकाळ, दुपारी गोणपाट कोरडं असायचं. काँक्रीट तेच, गाडी तीच, पण मग त्या क्यूबवर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून मग मी जास्तीचे क्यूब भरले..."

तिच्या आधीच्या इंग्रजी मसुद्यात यातली पहिली दोनच वाक्यं होती. आवड, सिव्हिल, संधी. टाकी, कोरडं गोणपाट आणि जास्तीचे क्यूब यांचा पत्ताच नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, "ते फार साधं वाटलं, ताई. साइटवरच्या गोष्टी एसओपीत कशा लिहायच्या?"

गाठ कुठे आहे ते शोधा

उतरवलेल्या कागदावर पेन्सिल घ्या आणि जिथे बोलण्याचा सूर बदलला तिथे खूण करा. मराठीत बोलताना ही जागा बरेचदा "पण" किंवा "पटेना" किंवा "असं कसं?" या शब्दांपाशी असते. इथे ती "पण ताई, मला ते पटेना" ही आहे. त्याआधीचं सगळं प्रस्तावना आहे आणि त्यानंतरचं सगळं परिच्छेदाचा माल आहे.

हे खास करून सांगते, कारण मराठीत आपल्याला मागून पुढे येत सांगायची सवय असते. आधी पार्श्वभूमी, मग घटना, मग मुद्दा. समोरचा माणूस ऐकत असतो, त्यामुळे ते चालतं. एसओपी वाचणाऱ्या समितीपुढे अर्जांचा गठ्ठा असतो आणि ते गाठीपर्यंत पोचायच्या आतच पुढच्या परिच्छेदावर जाऊ शकतात. म्हणून गाठीआधीचं सगळं कापायचं. लहानपण, घरचं वातावरण, आवड कशी लागली हे कुठेच सांगू नये असं नाही. काही विद्यापीठं एसओपीबरोबर पर्सनल स्टेटमेंट किंवा पर्सनल हिस्टरी वेगळी मागवतात, त्यात त्याला जागा आहे. एसओपीच्या पहिल्या परिच्छेदात नाही.

आता गाठ एका मराठी प्रश्नात लिहा. आमचा पहिला प्रयत्न: "टाकीतले क्यूब पास झाले, पण स्लॅब कमकुवत असेल तर?" हा प्रश्न मला आवडला, पण तो अजून तपासायचा होता.

"कोणी केलं?" हे प्रत्येक क्रियापदाला विचारा

मराठीत "मला संधी मिळाली", "बघायला मिळालं", "माझ्या लक्षात आलं" ही वाक्यं अगदी नैसर्गिक आहेत. त्यात माणूस स्वतःला थोडा मागे ठेवतो आणि ते सभ्यही वाटतं. इंग्रजीत तीच वाक्यं गेली की अर्जदार नुसता उभा राहून बघत होता असं चित्र उभं राहतं. "आम्ही" चंही तसंच. आपण एकट्याने केलेल्या कामालाही मराठीत "आम्ही" म्हणून जातो. एसओपीत त्या "आम्ही"मधला तुमचा वाटा कोणता, हेच वाचणाऱ्याला हवं असतं.

तिला मी विचारलं, "क्यूब कोणी फोडले?"

"आम्हीच."

"आम्ही म्हणजे?"

"मशीन लॅबमधल्या काकांनी चालवलं. पण क्यूब भरले मी, खुणा केल्या मी, आकडे लिहिले मी. आणि जास्तीचे बारा भरायचे हेही मीच ठरवलं होतं."

म्हणजे "मी क्यूब फोडले" हे लिहिणं खोटं झालं असतं आणि "क्यूब टेस्ट करण्यात आले" हे लिहिणं स्वतःवर अन्याय झाला असता. खरं क्रियापद "भरले" हे होतं आणि त्याला इंग्रजीत नेमका शब्द आहे, कास्ट. मराठी कागदावर प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा, कर्ता लिहा, आणि जिथे कर्ता तुम्ही नाही ते वाक्य पहिल्या परिच्छेदात हवंच का ते ठरवा. तिच्या कागदावरची नऊ क्रियापदं या चाळणीतून गेल्यावर चार उरली: भरले, ठेवले, मोजलं, म्हणता येईना.

दावा तज्ज्ञाच्या नजरेने तपासा, अजून मराठीतच

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते परिच्छेदाचं सगळं वजन इथेच ठरतं. तपासणी मराठीत करायची, कारण परक्या भाषेत आपण वाक्य बरं दिसतंय का हे बघत बसतो आणि ते खरं आहे का हे बघायचं राहून जातं.

तिचे आकडे असे होते. एम-25 काँक्रीटच्या, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी 25 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद अपेक्षित असलेल्या काँक्रीटच्या, एकाच गाडीतून तिने दीडशे मिलिमीटरचे बारा क्यूब भरले. सहा टाकीत ठेवले, सहा स्लॅबवरच त्या गोणपाटाखाली ठेवले. अठ्ठावीस दिवसांनी टाकीतल्या क्यूबची सरासरी 31 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आली, स्लॅबवरच्यांची 24. तिने यावरून लिहिलं होतं: "म्हणजे स्लॅब कमकुवत होता."

मी म्हटलं, हे सिद्ध होत नाही. क्यूब लहान असतो. त्याच्या आकारमानाच्या मानाने उघडा पृष्ठभाग जास्त, म्हणून तो स्लॅबपेक्षा लवकर सुकतो. स्लॅबवर ठेवलेला क्यूबसुद्धा स्लॅब नव्हे. त्या विषयातला कुठलाही प्राध्यापक ही फट पहिल्याच वाचनात बघणार.

ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग मला एवढंच म्हणता येईल, की टाकीतल्या क्यूबवरून स्लॅबचं काही कळत नाही."

हे वाक्य आधीच्यापेक्षा लहान दाव्याचं आहे आणि म्हणूनच जास्त ताकदीचं आहे. शिवाय त्यातून पुढचा प्रश्न आपोआप निघाला: मग स्लॅबची ताकद जागेवरच कशी काढायची? यासाठी मॅच्युरिटी मेथड वापरतात. काँक्रीटच्या आत तापमान कसं बदलत गेलं याची नोंद घेऊन त्यावरून ताकदीचा अंदाज बांधतात. पण त्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की काँक्रीटला पुरेसा ओलावा मिळत राहिला आहे. तिच्या स्लॅबवर नेमकी तीच गोष्ट होत नव्हती. कोरड्या गोणपाटापासून सुरू झालेला विचार त्या क्षेत्रातल्या एका खऱ्या अडचणीपर्यंत आला, आणि हे सगळं होईपर्यंत आम्ही इंग्रजीचा एक शब्दही लिहिलेला नव्हता.

तुमचा विषय कोणताही असो, हाच प्रश्न विचारा: माझ्या अनुभवावरून जास्तीत जास्त काय म्हणता येईल, आणि कुठे थांबावं लागेल? जिथे थांबावं लागतं तिथेच बहुधा पुढे शिकण्याचं कारण असतं.

चार ओळींचा सांगाडा

आता मराठीत फक्त चार तुटक ओळी लिहा. पूर्ण वाक्यं करू नका, नाहीतर तीच भाषांतरित होतील.

काय केलं: बारा क्यूब, एकच गाडी, सहा टाकीत, सहा स्लॅबवर.
काय दिसलं: 31 आणि 24.
काय म्हणता येतं, काय नाही: स्लॅब कमकुवत, हे नाही. टाकीतले क्यूब स्लॅबच्या वतीने बोलत नाहीत, हे हो.
म्हणून काय शिकायचं: जागेवरची ताकद. मॅच्युरिटी मेथड आणि सुकणं.

उतरवलेला कागद बंद करून ठेवा. समोर एवढ्या चारच ओळी हव्यात.

इंग्रजीत बसवताना

पहिली अडचण "जाऊन", "करून" अशा रूपांची येते. आपण सहज म्हणतो, "साइटवर जाऊन, क्यूब भरून, अठ्ठावीस दिवसांनी फोडून सरासरी काढली." मराठीत कर्ता शेवटपर्यंत मनात धरलेला असतो, त्यामुळे काही बिघडत नाही. हेच तिने इंग्रजीत "आफ्टर गोइंग टू द साइट अँड फिलिंग द क्यूब्ज, द ॲव्हरेज वॉज फाउंड" असं लिहिलं होतं. तिथे व्याकरणाने साइटवर गेली ती सरासरी. उपाय सोपा आहे: साखळी तोडा, कर्ता पुढे आणा, प्रत्येक कामाला पूर्ण क्रियापद द्या.

दुसरी अडचण "च" ची, आणि तिच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. मराठीत जोर हवा त्या शब्दाला "च" लावला की झालं: काँक्रीट तेच, स्लॅबवरच. इंग्रजीत असा प्रत्यय नाही, म्हणून मुलं "ओन्ली", "व्हेरी", "इट्सेल्फ" असे शब्द जागोजागी पेरतात. लिखित इंग्रजीत जोर मुख्यतः जागेवर अवलंबून असतो आणि वाक्याचा शेवट ही सगळ्यात वजनदार जागा. म्हणून मराठीत ज्या शब्दाला "च" लावला असता, तो शब्द इंग्रजी वाक्याच्या शेवटी नेऊन बघा. तिचं पहिलं वाक्य असं झालं:

ड्युरिंग ॲन इंटर्नशिप ऑन अ बिल्डिंग साइट, आय कास्ट ट्वेल्व्ह क्यूब्ज फ्रॉम वन बॅच ऑफ काँक्रीट; आय केप्ट सिक्स इन द वॉटर टँक अँड लेफ्ट सिक्स अंडर द वेट सॅकिंग ऑन द स्लॅब इट्सेल्फ.

"इट्सेल्फ" इथे एकदाच आहे आणि नेमका शेवटी आहे, म्हणून तो "च" चं काम करतो. पुन्हा वाचताना "वेट" या शब्दावर ती अडली. "दुपारी ते ओलं नसायचंच, ताई." बरोबर होतं, तो शब्द काढला. एका विशेषणाने सगळा प्रश्नच खोटा पडला असता.

दुसरं वाक्य आकड्यांचं. त्यात मत मिसळायचं नाही:

ॲट ट्वेंटी-एट डेज द टँक क्यूब्ज ॲव्हरेज्ड थर्टी-वन न्यूटन्स पर स्क्वेअर मिलिमीटर; द स्लॅब क्यूब्ज, ट्वेंटी-फोर.

प्रत्यक्ष अर्जात हे आकडे अंकांतच लिहायचे. "सरप्रायझिंगली" किंवा "शॉकिंगली" ची गरज नाही, लहान आकडा शेवटी आला की वाचणारा तिथे थांबतोच.

तिसऱ्या वाक्यात "भरवसा" आडवा आला. तिने "फेथ" लिहिलं होतं, मग "ट्रस्ट", मग शब्दकोशातून आणखी काही. मराठी शब्दाला इंग्रजी शब्द शोधू नका. तो मराठी शब्द या ठिकाणी काय काम करतोय ते मराठीतच फोडून सांगा. मी विचारलं, "क्यूबवर भरवसा म्हणजे नक्की कशाचा?" ती म्हणाली, "क्यूबचा आकडा हा स्लॅबचा आकडा मानता येईल, याचा." म्हणजे एक वस्तू दुसरीच्या वतीने उभी राहते का, हा प्रश्न होता. त्यासाठी त्या क्षेत्रातला रोजचा शब्द आहे रेप्रेझेंट.

अ स्मॉल क्यूब ड्राइज फास्टर दॅन अ स्लॅब, सो आय कुड नॉट से दॅट द स्लॅब वॉज वीक; आय कुड से ओन्ली दॅट द टँक क्यूब्ज डिड नॉट रेप्रेझेंट इट.

यात आधी "अ स्लॅब" आहे आणि नंतर "द स्लॅब". पहिला म्हणजे कुठलाही स्लॅब, दुसरा म्हणजे तिचा स्लॅब. मराठीत हा फरक आपण संदर्भावर सोडतो, म्हणून इंग्रजीत तो हमखास सुटतो. प्रत्येक नामापाशी थांबून "कुठलाही की तोच?" एवढं विचारलं तरी आर्टिकलच्या बहुतेक चुका जातात.

चौथं वाक्य एसओपीच्या पुढच्या भागाला दार उघडून देतं:

आय वॉन्ट टू स्टडी हाउ टू एस्टिमेट द स्ट्रेंग्थ ऑफ काँक्रीट व्हेअर इट स्टँड्स, अँड एस्पेशली हाउ द मॅच्युरिटी मेथड, व्हिच ट्रॅक्स टेम्परेचर बट अझ्यूम्स इनफ मॉइश्चर, कॅन अकाउंट फॉर ड्राइंग.

चारही वाक्यं मिळून सुमारे 110 शब्द. पूर्ण एसओपी पाचशे ते हजार शब्दांची असते, त्यात पहिल्या परिच्छेदाला ऐंशी ते सव्वाशे शब्द पुरतात. त्याहून वाढला तर बहुधा "लहानपणापासून" कुठूनतरी परत शिरलेलं असतं.

परत मराठीत आणून बघा

तयार परिच्छेद एक दिवस ठेवून द्या. मग तो समोर धरून घरातल्या कोणालातरी तोंडी मराठीत सांगा, वाक्यागणिक. ज्या वाक्याचं मराठी करताना तुम्ही अडखळाल ते वाक्य इंग्रजीत नुसतं सजलेलं आहे, त्यात मजकूर नाही. तिच्या एका मधल्या मसुद्यात "दिस इग्नायटेड माय पॅशन फॉर सस्टेनेबल इन्फ्रास्ट्रक्चर" असं वाक्य कुठूनसं आलं होतं. आईला सांगताना ती तिथे थांबली आणि आईने विचारलं, "म्हणजे तू नक्की काय केलंस?" ते वाक्य त्याच दिवशी गेलं.

उलटंही तपासा. पहिल्या रेकॉर्डिंगमधली गाठ या परिच्छेदात ऐकू येते का? "पटेना" हा शब्द इंग्रजीत कुठेच नाही, पण तिसऱ्या वाक्यात तो आहे. तो तिथे नसता तर परिच्छेद अचूक असूनही कोणाचाही झाला असता.

चौथ्या वाक्याला आणखी एक कसोटी लावायची. ज्या विभागात अर्ज करताय तिथल्या प्राध्यापकांच्या संशोधनाची पानं उघडा. तुमच्या वाक्यातली नामं तिथल्या कामात कुठेतरी दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर एक तर विभाग चुकलाय किंवा प्रश्न फार अरुंद लिहिलाय. प्राध्यापकांची नावं मात्र इथे घालू नका, ती पुढच्या परिच्छेदात तुमच्या कारणासह यावीत.

तिने सहा ठिकाणी अर्ज केले. पहिली तीन वाक्यं सगळीकडे तशीच राहिली, कारण ती घडलेली गोष्ट होती. चौथं मात्र दोनदा बदललं. एका विभागात मॅच्युरिटीवर काम करणारं कोणी नव्हतं, पण काँक्रीटमधल्या ओलाव्याच्या मोजमापावर काम चालू होतं. तिथे "तापमान" मागे गेलं आणि "सुकणं" पुढे आलं. दुसऱ्या ठिकाणी अर्जातच प्रश्न दिला होता की पदवीनंतर काय करणार. तिथे चौथ्या वाक्यात तिने साइटवर परत जाऊन स्लॅबमध्ये सेन्सर बसवण्याचं लिहिलं, आणि दुसरा परिच्छेद तिथूनच सुरू केला.